४७ दात्यांचा गिअर: मॉड्यूल २.५ चा वर्म, इंची लेथ आणि सतत अपूर्णांक

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पॉवरलूमचे सुटे भाग बनवणारी बरीच छोटी वर्कशॉप आहेत. त्यातल्याच एका वर्कशॉपमधलं हे प्रकरण आहे. टॉवेलच्या एका जुन्या मागाचा वर्म तुटला. विणलेलं कापड ओढून घेणारा रोलर ज्या वर्मवर फिरतो, तो हा वर्म. त्याच्या जोडीचं पितळी वर्म व्हील शाबूत होतं, त्यामुळे फक्त वर्म नवा करायचा होता. माग बंद पडला होता आणि टॉवेलवाल्यांना वर्म दुसऱ्या दिवशी सकाळी हवा होता.

काम दिसतं तितकं सरळ नाही. वर्म म्हणजे एक आटाच, पण त्याच्या पिचमध्ये पाय, म्हणजे π, बसलेला असतो. मॉड्यूल म्हणजे दात्याच्या आकाराचं मिलिमीटरमधलं माप. ते २.५ असेल तर एका फेऱ्यात आटा २.५ × π, म्हणजे ७.८५३९८ मिमी पुढे सरकायला हवा. या वर्कशॉपचा मोठा लेथ इंची आहे. टूल पुढे सरकवणाऱ्या त्याच्या लीड स्क्रूला इंचाला ४ आटे आहेत, म्हणजे त्याची पिच ६.३५ मिमी. मुख्य स्पिंडलच्या एका फेऱ्यात लीड स्क्रू किती फिरला पाहिजे, ते या दोन आकड्यांच्या भागाकारातून येतं:

२.५ × π ÷ ६.३५ = १.२३६८४७५…

हा आकडा कुठल्याही अपूर्णांकात पूर्ण बसत नाही, आणि गिअरला तर पूर्ण दातेच असतात. वर्कशॉपच्या पेटीत २० पासून १२० पर्यंत पाच-पाचच्या टप्प्यानं एकेक चेंज गिअर आहे आणि इंची लेथबरोबर येतो तो १२७ दात्यांचा एक. त्यातूनच काय ते बसवायचं होतं.

आकडेमोडीआधी एक गोष्ट तपासणं भाग होतं. जुन्या मागांचे भाग बऱ्याचदा विलायती मापाचे असतात. तिथे मॉड्यूल नसतो, डीपी असतो, म्हणजे व्यासाच्या एका इंचामागे किती दाते ते. डीपी १० म्हणजे मॉड्यूल २.५४, डोळ्याला २.५ सारखाच दिसतो. पण त्याची पिच ७.९८ मिमी भरते, म्हणजे दीड टक्क्याहून जास्त फरक. हे चुकलं तर पुढची सगळी अचूकता वाया जाते. तुटलेल्या वर्मवर सलग चार पिच मोजल्या. मॉड्यूल २.५ असेल तर ३१.४२ मिमी यायला हवेत, डीपी १० असेल तर ३१.९२. अर्ध्या मिलिमीटरचा फरक साध्या व्हर्नियरवरही लपत नाही. माप ३१.४ च्या आसपास आलं. मॉड्यूल पक्का झाला.

मिस्त्रींची पहिली सूचना अपेक्षित तीच होती. “सर, बावीस सप्तमांश धरून बसवू की. १२७ हाय आपल्याकडं, इंचाचं काम ते करतंय.” यात तथ्य आहे. ६.३५ म्हणजे १२७ भागिले २०, म्हणून १२७ चा गिअर इंच आणि मिलिमीटर यांच्यातला हिशेब अगदी पूर्ण सोडवतो. मग उरतो फक्त पाय. त्याच्या जागी २२/७ घातले की ११०/३५ × ५०/१२७ असे चार गिअर मिळतात. गुणोत्तर येतं १.२३७३४५, हव्या त्यापेक्षा ०.०४ टक्के जास्त. ही सगळी चूक २२/७ ची आहे, १२७ ची त्यात काडीचीही नाही.

मला मात्र इंच आणि पाय वेगवेगळे सोडवायचे नव्हते. लेथला π दिसत नाही आणि २५.४ ही दिसत नाही, त्याला फक्त १.२३६८४७५ हा एकच आकडा दिसतो. तेव्हा थेट त्या आकड्यालाच जवळचा अपूर्णांक शोधायचा. त्याची पद्धत म्हणजे सतत अपूर्णांक, आणि ती मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवरही होते. आकड्याचा पूर्णांक बाजूला काढून लिहायचा, उरलेल्याचा व्यस्त घ्यायचा, पुन्हा पूर्णांक काढायचा, पुन्हा व्यस्त.

१.२३६८४७५ मधून १ काढला, उरले ०.२३६८४७५. त्याचा व्यस्त ४.२२२१, म्हणजे ४. उरलेल्या ०.२२२१ चा व्यस्त ४.५०१९, पुन्हा ४. मग १.९९२२, म्हणजे १. मग १.००७८, पुन्हा १. आणि त्यापुढचा व्यस्त एकदम १२७.८. कॅल्क्युलेटरमधले सगळे आकडे तसेच ठेवून पुढे जायचं. मधेच दोन-तीन दशांशांवर आणून ठेवले तर शेवटचे टप्पे खोटे निघतात. तर पूर्णांकांची रांग अशी आली: १, ४, ४, १, १, १२७.

या रांगेतून अपूर्णांक बांधायचे. पहिला १/१, दुसरा ५/४. पुढचा प्रत्येक अपूर्णांक मागच्या दोघांवरून मिळतो: रांगेतल्या पूर्णांकानं आधीच्या अपूर्णांकाचा अंश गुणायचा आणि त्याच्या आधीचा अंश त्यात मिळवायचा, छेदाचंही तसंच. ४ × ५ + १ = २१ आणि ४ × ४ + १ = १७, म्हणून २१/१७. मग २१ + ५ आणि १७ + ४, म्हणून २६/२१. मग ४७/३८.

२१/१७ हव्या त्यापेक्षा ०.१३ टक्के कमी आहे, २६/२१ हा ०.१० टक्के जास्त, आणि ४७/३८ फक्त ०.०००४ टक्के कमी. एका पायरीत चूक दोनशेपटीहून जास्त घटली. त्याचं कारण रांगेतला तो मोठा आकडा. पुढचा पूर्णांक जितका मोठा, तितका त्याच्या आधी थांबून मिळालेला अपूर्णांक अचूक. नियम असा की ४७/३८ ची चूक १ ÷ (३८ × ३८ × १२७) पेक्षा कमीच असणार, म्हणजे ०.००००५५ च्याही दहाव्या हिश्शाच्या आत. रांगेत मोठा आकडा दिसला की त्याच्या अलीकडे थांबायचं, हा या पद्धतीतला सगळ्यात उपयोगी संकेत आहे. आणि इथला १२७ निव्वळ योगायोगानं आला आहे, १२७ दात्यांच्या गिअरशी त्याचा काही संबंध नाही. मिस्त्रींना तो पाहून क्षणभर वाटलं की गिअरच सापडला, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

छेदाला मर्यादा घातली तर सगळ्यात जवळचा अपूर्णांक कोणता, याचं उत्तरही याच रांगेत असतं. छेद ३७ पर्यंतच चालणार असेल तर २६/२१ पेक्षा चांगला अपूर्णांक नाही. १२० पर्यंत चालणार असेल तर ४७/३८ ला तोड नाही. पायथनमध्ये हे एका ओळीत ताडून पाहता येतं:

```python
from fractions import Fraction
from math import pi
Fraction(2.5*pi/6.35).limit_denominator(120)   # Fraction(47, 38)
```

डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान ह्युगेन्स यानं सतराव्या शतकात ग्रहांची गती दाखवणारं यंत्र बांधताना नेमकं हेच केलं होतं. शनी आणि पृथ्वी यांच्या फेऱ्यांचं गुणोत्तर त्यानं ७७७०८४३१/२६४०८५८ असं धरलं होतं. एवढे दाते कोण कापणार? सतत अपूर्णांकानं तो २०६/७ पर्यंत आला आणि तेच दाते कापले. पण ह्युगेन्सला हवा तेवढ्या दात्यांचा गिअर बनवून घेण्याची मुभा होती. आमच्यापुढे पेटी होती, आणि त्या पेटीत ४७ नव्हता.

इथे पुस्तकातला प्रश्न आणि लेथवरचा प्रश्न वेगळे होतात. पुस्तक विचारतं, छेद अमुकपेक्षा लहान ठेवून सगळ्यात जवळचा अपूर्णांक कोणता. लेथ विचारतो, या पेटीतले फिरवणारे दोन चालक गिअर अंशात आणि फिरणारे दोन चालित गिअर छेदात घेऊन सगळ्यात जवळचं काय जमतं. दुसऱ्या प्रश्नात छेद कितीही मोठा चालतो, पण अंश आणि छेद फुटले पाहिजेत, आणि फुटून पेटीतल्या आकड्यांतच बसले पाहिजेत. पाचच्या टप्प्याच्या पेटीत ३५ मुळे ७ मिळतो, ५५ मुळे ११, ६५ मुळे १३, ८५ मुळे १७, ९५ मुळे १९, ११५ मुळे २३. त्यापुढचा मूळ आकडा, म्हणजे २९, ३१, ३७, ४१, ४३ किंवा ४७, अंशात वा छेदात आला की तो अपूर्णांक बाद. ४७/३८ मधला ३८ चा १९ चालला असता, ९५ च्या गिअरमध्ये तो आहे. ४७ नाही. उत्तम अपूर्णांक हातात होता आणि बसवता येत नव्हता.

मग ४७/३८ सोडून द्यायचा का? नाही. त्याला खुंटी धरून आसपास शोधायचं. कुठलाही अपूर्णांक अ/ब घेतला तर त्याचं ४७/३८ पासूनचं अंतर असं येतं:

अ/ब − ४७/३८ = (३८अ − ४७ब) ÷ (३८ब)

कंसातली संख्या पूर्णांक आहे. तिला त म्हणू. ४७/३८ स्वतः जवळपास परिपूर्ण असल्यानं हव्या त्या गुणोत्तराच्या तुलनेतली चूक जवळजवळ त ÷ (४७ब) एवढीच राहते. म्हणजे चांगला अपूर्णांक हवा असेल तर त लहान हवा आणि ब मोठा. त शून्य असेल तर ४७ आलाच, तो आपल्याकडे नाही. म्हणून त = +१ आणि त = −१ पासून सुरुवात करायची.

३८अ − ४७ब = १ याची पूर्णांक उत्तरं शोधणं म्हणजे आर्यभटाचं कुट्टक. आर्यभटीयात, म्हणजे इ. स. ४९९ मध्ये, ते गणित आलं आहे, आणि भास्कराचार्यांच्या लीलावतीत त्याला स्वतंत्र प्रकरण आहे. इथे वेगळं सोडवायचीही गरज पडत नाही, कारण सतत अपूर्णांकानं उत्तर आधीच दिलेलं असतं: ४७/३८ च्या अलीकडची पायरी २६/२१. ३८ × २६ = ९८८, ४७ × २१ = ९८७, फरक १. आणि त्याच्याही अलीकडच्या २१/१७ वरून −१ मिळतो: ७९८ वजा ७९९. यातल्या कोणत्याही जोडीत वर ४७ आणि खाली ३८ मिळवत गेलं तर त तोच राहतो, ब वाढतो आणि चूक घटत जाते.

+१ ची शिडी अशी चढते: २६/२१, ७३/५९, १२०/९७, १६७/१३५, २१४/१७३, २६१/२११… पहिला सोडला तर एकही पेटीत बसत नाही. १२०/९७ पाहून आशा वाटते, पण ९७ मूळ संख्या आहे.

−१ ची शिडी: २१/१७, ६८/५५, ११५/९३, १६२/१३१, २०९/१६९, २५६/२०७… इथे दुसऱ्याच पायरीवर ६८/५५ भेटतो. ६८ म्हणजे ४ × १७, ५५ म्हणजे ५ × ११. दोन्ही पेटीत आहेत. ८५/५५ × ८०/१०० बसवलं की झालं. गुणोत्तर १.२३६३६४, चूक ०.०३९ टक्के कमी. त्यापुढचा २०९/१६९ याहून तिप्पट चांगला आहे, पण १६९ म्हणजे १३ × १३, त्याला ६५ चे दोन गिअर लागतात. २५६/२०७ आणखी थोडा चांगला, त्याला ८० चे दोन. पेटीत प्रत्येकी एकच.

अंश आणि छेद वेगवेगळे मिळवून मधला अपूर्णांक काढण्याची ही रीत पॅरिसचा घड्याळजी आशिल ब्रोको यानं १८६१ मध्ये घड्याळांच्या गिअरसाठीच मांडली होती. जर्मन गणिती मोरिट्झ स्टर्न यानं तीच रचना त्याच्या थोडं आधी, १८५८ मध्ये, स्वतंत्रपणे दिली होती. ब्रोकोची अडचण आमच्यासारखीच होती: उत्तम गुणोत्तराचे दाते कापता येत नाहीत, मग शेजारचं कोणतं घ्यायचं?

६८/५५ हा पुस्तकी अर्थानं ‘सर्वोत्तम’ अपूर्णांकांच्या यादीत येत नाही. त्याचा छेद ५५, आणि ३८ छेदाचा ४७/३८ त्याच्याहून कितीतरी जवळ आहे. limit_denominator ला काहीही मर्यादा दिली तरी ६८/५५ बाहेर येणार नाही. तरीही पाचच्या टप्प्याच्या पेटीत, एकेकच गिअर असताना, चार गिअरनी यापेक्षा जवळ जाता येत नाही. हे सगळे पर्याय चाळून बघता येतं, संगणकाला एक क्षण पुरतो:

```python
from itertools import permutations
from math import pi
R = 2.5*pi/6.35
G = range(20, 121, 5)
best = min(permutations(G, 4),
           key=lambda g: abs(g[0]*g[2]/(g[1]*g[3]) - R))
```

यातून जे चार गिअर येतात त्यांचं गुणोत्तर ६८/५५ च भरतं. मला स्वतःला शिडीची रीत जास्त भावते, कारण ती का बसलं आणि का नाही बसलं हेही सांगते. पेटीत ६५ चा दुसरा गिअर आला तर लगेच कळतं की आता २०९/१६९ उघडला.

१२७ पेटीत होताच, म्हणून त = +२ ची शिडीही चढून पाहिली: ९९/८०, १९३/१५६, २८७/२३२, ३८१/३०८. शेवटचा मजेचा आहे. ३८१ म्हणजे ३ × १२७, आणि ३०८ म्हणजे ४ × ७ × ११. १२७/७० × ७५/११० असे गिअर बसतात आणि चूक फक्त ०.०१३ टक्के जास्त. मिस्त्रींनी १२७ चालित बाजूला ठेवला होता, कारण तो इंचाचा हिशेब करतो म्हणून तिथेच शोभतो. इथे तोच १२७ चालक झाला, इंचाशी त्याचं काही देणंघेणं राहिलं नाही, आणि चूक तिसऱ्या हिश्शावर आली.

आता कोणता बसवायचा? इथे टक्केवारी सोडून मिलिमीटरमध्ये बोलायला हवं. या वर्म व्हीलचे एका वेळी साधारण तीन दाते वर्ममध्ये असतात. तीन पिच म्हणजे २३.५६ मिमी. तेवढ्या लांबीत २६/२१ ची चूक ०.०२४ मिमी होते, ६८/५५ ची ०.००९, ३८१/३०८ ची ०.००३. वर्म आणि व्हील यांच्यात मोकळीक ठेवलेली असते ती याहून मोठीच असते, त्यामुळे २६/२१ नं कापलेला वर्मही फिरला असता. पण फिरणं वेगळं आणि भार वाटून घेणं वेगळं. तीन पिचमध्ये मिळून दोन शतांश मिलिमीटर जास्त भरले तर तीन दात्यांचा भार एकाच दात्यावर येतो आणि पितळ लवकर झिजतं. ६८/५५ च्या नऊ मायक्रॉनला मात्र मी हरकत घेणार नाही. जुन्या लेथच्या झिजलेल्या लीड स्क्रूची स्वतःची चूक तेवढी सहज असते.

त्या रात्री ६८/५५ बसवला. ३८१/३०८ कागदावर जास्त चांगला होता, पण १२७ आणि ७० एकमेकांत, मग ७५ आणि ११० एकमेकांत, एवढी मोठी रांग या लेथच्या गिअर धरणाऱ्या क्वाड्रंटवर बसवायला खटपट होती, आणि मिळणारा फायदा लीड स्क्रूच्या झिजेत बुडून गेला असता. जागेचा हिशेब आधीच करता येतो: पहिल्या जोडीच्या दात्यांची बेरीज दुसऱ्या चालकाच्या दात्यांपेक्षा निदान पंधरानं जास्त हवी, आणि दुसऱ्या जोडीची बेरीज पहिल्या चालितापेक्षा तशीच जास्त. नाहीतर एक गिअर दुसऱ्याच्या दांड्याला लागतो. ८५ + ५५ = १४०, ८० पेक्षा बराच जास्त. ८० + १०० = १८०, ५५ पेक्षा बराच जास्त. बसलं.

वर्मला टूल लावण्याआधी गिअर तपासून घ्यायचे. कॅरेजला लीड स्क्रूशी जोडणारा हाफ नट लावायचा, मोकळीक एका बाजूला घ्यायची, स्पिंडलवर खूण करून हातानं दहा फेरे द्यायचे आणि कॅरेज किती सरकलं ते मोजायचं. हवं ७८.५४ मिमी. ६८/५५ नं ७८.५१ यायला हवं, २६/२१ नं ७८.६२ आलं असतं. चालक आणि चालित उलटसुलट झाले असते तर ५१.३६ आलं असतं, म्हणजे असली चूक मोजल्याबरोबर कळते. आमचं माप ७८.५० आणि ७८.५२ यांच्यात आलं. गिअर बरोबर होते.

कापताना एक नियम मोडायचा नाही: वर्म पुरा होईपर्यंत हाफ नट उघडायचा नाही. साध्या इंची आट्याला नट कधी लावायचा ते दाखवणारी चेसिंग डायल पाहून नट परत लावता येतो. इथे स्पिंडलच्या ५५ फेऱ्यांत लीड स्क्रूचे ६८ फेरे होतात, त्याच्या आत दोघं पुन्हा त्याच जागी येत नाहीत. डायलवर विश्वास ठेवून नट लावला तर टूल आधीच्या खाचेत न पडता दात्यावर पडतं आणि वर्म गेला. म्हणून प्रत्येक कटनंतर टूल मागे घेऊन मोटर उलटी फिरवायची आणि कॅरेज तसंच परत आणायचं. वेळ जातो, पण दुसरा मार्ग नाही. वर्म झाल्यावर व्हीलच्या दात्यांना निळा रंग लावून जोडी फिरवली. रंग तिन्ही दात्यांवर उठला, मधल्यावर थोडा ठळक. सकाळी माग सुरू झाला.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. टॉवेलवाल्यांनी आणखी वर्म मागितले आणि त्यात मॉड्यूल २ आणि ३ चेही होते. दर वेळी शिडी चढणं जमलं असतं, पण ४७/३८ मध्ये त्याहून मोठं काहीतरी दडलेलं होतं. ४७/३८ मॉड्यूल २.५ साठी आला. मॉड्यूल कोणताही असो, या लेथवर गुणोत्तर मॉड्यूल × π ÷ ६.३५ च असतं, आणि ४७/३८ ला २.५ नं भागलं की ४७/९५ राहतात. म्हणजे या लेथवर प्रत्येक मॉड्यूलसाठी

गुणोत्तर = ४७/९५ × मॉड्यूल

आणि चूक सगळीकडे तीच, ०.०००४ टक्के. ९५ पेटीत आहे. मॉड्यूलसाठी दुसरी जोडी: चालित ४० कायम ठेवायचा आणि चालक ४० × मॉड्यूल. मॉड्यूल १.५ ला ६०, २ ला ८०, २.५ ला १००, ३ ला १२०. सगळे पेटीत आहेत. इंच आणि पाय ही दोन्ही भांडणं ४७ च्या एका गिअरनं मिटतात, १२७ लागतही नाही.

मालकांनी विचारलं, “४७ चा गिअर बनवायला अवघड का?” उलट सोपा आहे. ब्लँक समान हिश्श्यांनी फिरवणाऱ्या डिव्हायडिंग हेडचं वर्म गुणोत्तर ४० ला १ असतं आणि नेहमीच्या ब्राउन अँड शार्प प्लेटवर ४७ भोकांचं वर्तुळ असतंच. दर दात्याला त्या वर्तुळावर ४० भोकं पुढे जायचं. १२७ दात्यांसाठी मात्र प्लेटवर वर्तुळ नाही, त्याला डिफरन्शियल इंडेक्सिंग करावं लागतं. लेथचे चेंज गिअर मॉड्यूल २ चे आहेत, म्हणून ४७ च्या ब्लँकचा बाहेरचा व्यास (४७ + २) × २ = ९८ मिमी. कटर ३ नंबरचा, तो ३५ ते ५४ दात्यांपर्यंत चालतो. खोली साडेचार मिमी.

गिअर झाला, ४७/९५ × १००/४० बसवला आणि दहा फेऱ्यांची तपासणी पुन्हा केली. ७८.५४ हवं होतं, ७८.५३ च्या आसपास माप आलं. आता जो काही फरक राहिला तो लीड स्क्रूचा. त्याला कुठलाही अपूर्णांक काही करू शकत नाही, तिथे स्क्रूच बदलावा लागतो.

हे ४७ चं गणित फक्त इंचाला ४ आटे असलेल्या लीड स्क्रूचं आहे. वर्कशॉपमध्ये एक धाकटा लेथ आहे, त्याचा लीड स्क्रू ६ मिमीचा. तिथे इंच नाही, उरतो फक्त पाय, आणि ४७ तिथे काही कामाचा नाही. πची रांग ३, ७, १५, १, २९२ अशी जाते, टप्पे २२/७, ३३३/१०६, ३५५/११३. ३५५/११३ पुढे २९२ उभा असल्यानं तो अतिशय अचूक आहे, पण ३५५ मध्ये ७१ आहे आणि ११३ मूळ, म्हणजे पेटीच्या दृष्टीनं निरुपयोगी. त्यालाच खुंटी धरून २२/७ मिळवत गेलं की पहिल्यांदा ३७७/१२० येतो, त्याला २९ लागतो. आणखी एकदा मिळवलं की ३९९/१२७. ३९९ म्हणजे ३ × ७ × १९, तो ९५ आणि १०५ मध्ये सापडतो, आणि १२७ तर पेटीत पडूनच आहे. मॉड्यूल २.५ साठी धाकट्या लेथवर ९५/६० × १०५/१२७, चूक ०.००४४ टक्के जास्त, म्हणजे दहा फेऱ्यांत साडेतीन मायक्रॉन. मिस्त्रींनी दोन्ही लेथच्या दाराच्या आतल्या बाजूला आपापले गिअर खडूनं लिहून ठेवले आहेत.